नवजात बाळाची पहिल्या आठवड्यातली घरभेट: आधी काय मोजायचं, काय लिहायचं

प्रश्न: मी नवीन आशा आहे. बाळंतिणीच्या घरी पहिल्या आठवड्यात गेल्यावर बाळाचं नेमकं काय काय तपासायचं, आणि फॉर्ममध्ये काय लिहायचं? मी गडबडून जाते.

उत्तर: ताई, मी बीड जिल्ह्यात आशा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर या आठवड्यात दोन भेटी येतात, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशी आणखी एक. गडबड होते ती कामाचा क्रम चुकल्यामुळे. आपण गेल्या गेल्या बाळ उघडं करून वजनाच्या झोळीत घालतो, ते रडायला लागतं, आणि मग श्वास मोजता येत नाही, ताप नीट बघता येत नाही.

म्हणून हात साबणाने धुऊन आधी आईजवळ बसा. बाळ झोपेत किंवा शांत असतानाच पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच भराभर चालतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर परत एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच पाठवा. मग थर्मामीटर काखेत, हात अंगाला दाबून, बीप होईपर्यंत. ९७ ते ९९ फॅरनहाइट ठीक. त्यानंतर बाळ अंगावर पीत असताना बघा. कपडे काढून नाळ, कातडी आणि तळहात-तळपायाचा पिवळेपणा शेवटी, आणि वजन सगळ्यात शेवटी. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणायला विसरू नका.

एक भेट सांगते, म्हणजे आकडे का लिहायचे ते कळेल. डिसेंबरातली गोष्ट. नवरा कोयत्यावर गेलेला, घरात बाळंतीण आणि सासू, वर पत्र्याचं छप्पर. जन्माचं वजन २ किलो ६००, तिसऱ्या दिवशी २ किलो ४५०. पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतंच, म्हणून मी तेवढं लिहून घेतलं आणि दर दोन-तीन तासांनी पाजायला सांगून आले. सातव्या दिवशी सासू कौतुकाने म्हणाली, "लेकरू लई शांत हाय, रडतच नाही. रात्रभर झोपतंय."

हे ऐकलं की मला आता धस्स होतं. श्वास ५२, म्हणजे ठीक. पण काखेतला ताप ९६.४. पाय हाताला गार. अंगावर लावलं तर दोन-चार घोट घेऊन सोडून दिलं. दिवसभरात लंगोट किती ओले झाले विचारलं, तर दोनच. या वयाला सहा तरी व्हायला हवेत. खोदून विचारल्यावर कळलं की दूध पुरत नाही म्हणून मध आणि घुटी चालू आहे. वजन भरलं २ किलो ३००. जन्मापासून ३०० ग्रॅम कमी, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. दहा टक्क्यांची मर्यादा २६० ग्रॅमवरच संपली होती.

सासूवर रागावून उपयोग नव्हता, तिने तिच्या परीने लेकराचं पोटच भरलं होतं. मी १०२ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत बाळाला टोपी घालून, फक्त लंगोटावर आईच्या छातीशी उघड्या अंगाला बांधलं, वरून घोंगडी. दूध पिळून वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजलं, कारण गिळत होतं. दुपट्यात गुंडाळून शेगडीजवळ ठेवण्यापेक्षा आईचं अंग बाळाला नीट गरम करतं, आणि भाजायची भीती नाही.

आता लिहायचं कसं. "बाळ ठीक नाही" एवढं लिहिलं तर डॉक्टरांना काही कळत नाही. मी चिठ्ठीत लिहिलं होतं: "वय ७ दिवस. वजन जन्मतः २६००, तिसऱ्या दिवशी २४५०, आज २३०० ग्रॅम. काखेत ९६.४. श्वास ५२. ओढ कमी, रडणं कमकुवत. २४ तासांत लघवी २ वेळा. मध-घुटी दिली आहे. सकाळी १०.४० ला पाठवले." हेच आकडे घरभेटीच्या फॉर्ममध्ये, तिथेच बसून. घरी जाऊन भरला की सगळ्या रकान्यांत "सामान्य" पडतं, आणि गटप्रवर्तक ताईलाही ते ओळखू येतं. मोजता आलं नाही तर "बाळ रडत होतं, श्वास मोजला नाही" असं लिहा आणि थोड्या वेळाने परत जा.

आईचं विसरू नका: ताप, जास्त रक्तस्राव, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. यातलं काहीही असलं तर तीही त्याच गाडीत.

ते बाळ नवजात कक्षात चार दिवस राहिलं. चौदाव्या दिवशी मी गेले तेव्हा काट्यावर २ किलो ४५० भरलं, आणि सासूने मधाची बाटली स्वतःहून माझ्यासमोर आणून ठेवली.