साधा लॅपटॉप घेतला तर खेळणं कमी होईल?

"मुलगी कॉलेजला आहे, स्ट्रॅटेजी गेम खेळते. आता तिला नवा लॅपटॉप हवाय. गेमिंगचा घेऊन दिला तर दिवसभर त्यातच बुडेल अशी भीती वाटते. मुद्दाम साधा घेतला तर आपोआप आळा बसेल ना?"

माझ्याकडे आलेले एक वडील दुकानात असाच बेत ठरवून गेले होते. तिथलं बोलणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक जाडजूड, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. दुसरा पातळ, हलका, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच. रॅम दोन्हींत ८ जीबी. वडिलांनी लगेच पातळ्यावर बोट ठेवलं. "हाच द्या. गेम अडखळला की कंटाळून उठेल."

"कुठला गेम खेळते ती?" दुकानदाराने विचारलं.

"ते काही माहीत नाही. नकाशे, सैन्य, असलं काहीतरी."

"मग एकदा फोन लावून विचारा ना, साहेब. आळीपाळीने चाल करायचा आहे, की सगळं एकदमच पळत असतं?"

मुलगी फोनवर म्हणाली, आळीपाळीचा. नकाशा मोठा घेते, समोर कॉम्प्युटरची दहा राज्यं असतात. सुरुवातीला ठीक चालतं, पण दोनशे चाली झाल्या की 'एंड टर्न' दाबल्यावर दीड-दोन मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं. "तेवढ्यात मी नोट्स वाचते," असंही तिने ऐकवलं. वडिलांना ते खरं वाटलं नाही. मला वाटलं.

दुकानदार माहीतगार निघाला. तो म्हणाला, "त्या दीड मिनिटात कॉम्प्युटर प्रत्येक राज्याची चाल ठरवत असतो. ते काम प्रोसेसरचं, ग्राफिक्स कार्डाचा तिथे फारसा उपयोग नाही. पातळ लॅपटॉप पहिली दहा मिनिटं झकास चालेल. मग तापला की स्वतःच वेग उतरवेल. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा स्पीड दिसतो. काम तेवढंच असताना तो आकडा घसरत गेला, की समजायचं मशीन तापलं. शिवाय याची रॅम बोर्डावरच जोडलेली आहे, पुढे वाढवता येणार नाही. त्यातलाच वाटा ग्राफिक्सलाही द्यावा लागतो. जाड्यात एक स्लॉट रिकामा आहे. आणखी ८ जीबीची पट्टी टाका, १६ होईल. मात्र वजन जास्त, पंख्याचा आवाज येणार आणि बॅटरी लवकर संपणार. कॉलेजला रोज न्यायचा असेल तर तेही बघा."

"पण मंद मशीनवर ती कमी खेळेल ना?"

"तेवढ्याच चाली खेळायला जास्त वेळ बसेल," दुकानदार म्हणाला.

काहीच न घेता ते थेट माझ्याकडे आले. तुमच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं असतं, ते त्या दुकानदाराने आधीच देऊन टाकलं होतं. माझ्या वाट्याला उरलं ते वेगळं. मंद लॅपटॉप म्हणजे न सांगता घातलेली बंदी. मुलीला ते दोन दिवसांत कळतं, आणि मग भांडण खेळण्यावरून न होता फसवणुकीवरून होतं.

बंदीच्या जागी थांबायची जागा ठरवावी लागते, आणि ती खेळावर अवलंबून असते. आळीपाळीच्या खेळात आपली चाल कधीही सेव्ह करून उठता येतं. अडचण अशी, की 'आणखी एकच चाल' कधी संपत नाही, कारण प्रत्येक चालीत पुढच्या चालीचं काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं. म्हणून या बापलेकींनी ठरवलं: साडेदहा वाजले की चालू असलेली चाल पुरी करायची, सेव्ह करायचं, बंद. ऑनलाइन सामना मध्येच सोडता येत नाही, सोडला तर सोबतच्यांचा खेळ बिघडतो. म्हणून तो दहानंतर सुरूच करायचा नाही. वडिलांनी मात्र दारात उभं राहून "बंद कर" म्हणायचं नाही, ही मुलीची अट.

काळजी खरी कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ते २०२२ पासून लागू झालं. त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडत जाणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे सहसा किमान १२ महिने चालू असावं लागतं, आणि त्याने अभ्यास, नाती किंवा तब्येत ढासळलेली असावी लागते. या मुलीची परीक्षा नीट चालली होती, मैत्रिणी घरी येत होत्या, झोप तेवढी उशिरा होत होती. झोपेचं साडेदहाच्या नियमात बसलं.

शेवटी जाडाच लॅपटॉप घेतला, वरची ८ जीबीची पट्टीही. पंख्याचा आवाज खूप येतो, अशी वडिलांची तक्रार आहे. मुलीने हेडफोन मागितलेत.