गणपतीच्या रजेला जोडून कुडाळहून काम: व्यवस्थापकाकडे नेमकं काय मागायचं

प्रश्न: ऑफिस ऐरोलीत, राहते ठाण्याला. 14 ते 18 सप्टेंबर अशी गणपतीची रजा मंजूर झाली आहे. त्यानंतर लगेच कुडाळला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, म्हणून पुढचे तीन आठवडे गावाहूनच काम करायचं आहे. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. मंजूर रजेला धक्का न लावता हे कसं मागू? नेट मिळेल, पण पावसात लाईटचा भरवसा नाही.

उत्तर:

सगळ्यात आधी, रजेच्या अर्जाला हात लावू नका. "रजा वाढवून हवी आहे" किंवा "गावी अजून थोडं थांबते" हे शब्द मेलमध्ये येऊच देऊ नका. वाढीव रजा म्हटलं की व्यवस्थापकाला कामावरून गेलेला माणूस दिसतो. मग शिल्लक रजा किती आहे, बिनपगारी धरायची का, अशा वाटेला बोलणं जातं. तुम्ही मागताय ती रजा नाही, कामाची जागा बदलण्याची परवानगी आहे. म्हणून वेगळा मेल, वेगळा विषय, आणि त्यात मंजूर रजेचा उल्लेख एका वाक्यापुरता.

माझ्या पहिल्या वेळी मी हीच चूक केली होती. रजेचा शेवटचा दिवस, मी गावी, आणि तिथूनच संध्याकाळी मेल पाठवला. नकार आला आणि त्याच रात्री परतीची धावपळ करावी लागली. नंतर स्वतःची टीम सांभाळायला लागल्यावर तो नकार समजला. विचारणारी व्यक्ती आधीच गावी असेल तर होकार देणाऱ्याला आपल्याला कोंडीत पकडल्यासारखं वाटतं. म्हणून निघण्याआधी, निदान तीन आठवडे आधी, समोरासमोर बोला आणि त्याच दिवशी मेल करा.

पण त्याहीआधी एक चौकशी करा. ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या काही इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे एसईझेडमध्ये येतात. तुमची तशी असेल तर तिथला लॅपटॉप शुल्कसवलतीत आणलेला असू शकतो आणि तो बाहेर नेल्याची कंपनीला नोंद ठेवावी लागते. घरून काम करण्याबाबतचा 43A हा नियम एसईझेडच्या नियमांत 2022 मध्ये आला. तो पाळणं कंपनीचं काम आहे, तुमचं नाही, पण अ‍ॅडमिनला विचारून ठेवा. क्लायंटच्या करारात "काम ठरलेल्या जागेतूनच" अशी अट असेल तर व्यवस्थापक कितीही चांगला असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. असा प्रोजेक्ट असेल तर ते दोन आठवडे दुसऱ्या कामावर घ्याल का, असं विचारा.

आता कालावधी. तीन आठवडे एकदम मागू नका, दोन मागा. 21 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर घेतलंत तर 2 ऑक्टोबरच्या सुट्टीमुळे कामाचे दिवस नऊच होतात, आणि 5 ऑक्टोबरच्या सोमवारी तुम्ही ऑफिसात. परतीचं तिकीट काढून ठेवा, कारण तारीख पक्की आहे हे त्या तिकिटाइतकं दुसऱ्या कशाने पटत नाही. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येत बसलात की रविवारी पहाटे ठाण्याला उतराल. रविवारी रात्री निघून सोमवारी थेट ऑफिस गाठायचा बेत करू नका, गाडीला उशीर झाला तर पहिलाच दिवस हातचा जाईल. तिसरा आठवडा लागलाच तर पहिल्या आठवड्याचं काम दाखवून मागा.

आईच्या ऑपरेशनचं खरं कारण जरूर सांगा, पण ते कामाच्या वेळेपासून वेगळं ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीला सरळ रजा टाका. पुढच्या तपासण्यांनाही अर्धा दिवस. डोळ्यांत थेंब घालायला दोन मिनिटं लागतात, ते कामाच्या मध्ये होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मीटिंग होत नाही, आणि व्यवस्थापकाच्या मनात नेमकी तीच शंका असते. तुम्ही आधीच रजा दाखवलीत तर तो विषय तिथेच मिटतो.

लाईटचा प्रश्न तुम्ही स्वतःहून काढलात ते बरं केलंत, कारण विनंती फसते ती बहुतेक तिथेच. "नेट चांगलं आहे" असं लिहू नका, मोजून लिहा. गावी कोण असेल त्याला तीन-चार दिवस सकाळी अकरा, दुपारी तीन आणि रात्री नऊला वेग तपासून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. डाउनलोडपेक्षा अपलोड बघा. व्हिडिओ कॉलला 3-4 एमबीपीएस स्थिर मिळाला तरी पुरतो. गणपतीच्या दिवसांतले मोबाइलचे आकडे मात्र धरू नका. तेव्हा अख्खी वाडी चाकरमान्यांनी भरलेली असते आणि टॉवरवर ताण येतो. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन माणसं परतू लागली की सिग्नल पुन्हा मोकळा होतो.

राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लाईट गेल्यावर तो राउटर काही तास चालू ठेवतो. मात्र वायर पुरवणाऱ्याच्या पेटीलाही बॅटरी आहे का, हे त्याला विचारा. नाहीतर तुमच्या घरी दिवे लागलेले आणि नेट बंद. फायबरच्या डब्यावर `LOS` चा लाल दिवा लागला तर वायर तुटली आहे, झाड पडलं असेल, त्या दिवशी दुरुस्तीची वाट बघत बसू नका. `PON` हिरवा असूनही नेट नसेल तर बिघाड पुढे कुठेतरी आहे. दोन्ही वेळी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन तयार हवा, आणि ऑफिसचं व्हीपीएन त्यावरून जोडलं जातं का, हे ठाण्यातूनच बघून जा.

मेलचा आशय असा ठेवा:

"14 ते 18 सप्टेंबरची माझी रजा मंजूर आहे, तीत बदल नाही. 21 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर कुडाळहून काम करण्याची परवानगी हवी आहे. आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याचे दोन दिवस वेगळी रजा टाकत आहे. वेळ नेहमीचीच, रोजच्या मीटिंगला हजर असेन. गावच्या नेटची मोजणी सोबत जोडली आहे. नेट दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर तुम्हाला फोन करून तो अर्धा दिवस रजा धरेन. 5 ऑक्टोबरला ऑफिसला येते, तिकीट काढलं आहे."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. नेट गेलं तर नुकसान कोणाचं, हे तुम्ही स्वतः ठरवून दिलंत की व्यवस्थापकाला वरच्यांना उत्तर देणं सोपं जातं.

तोंडी होकार मिळाला तरी लेखी घ्या, आणि हजेरीच्या सिस्टीममध्ये ते नऊ दिवस कसे भरायचे ते एचआरला विचारा. नाहीतर तीन दिवसांच्या नियमामुळे महिनाअखेरीस तुमची गैरहजेरी लागलेली दिसेल. आणि नकार आलाच तर 21 ते 25 एवढाच आठवडा मागून बघा. ऑपरेशन 21 किंवा 22 ला ठरवता आलं तर आईला सगळ्यात जास्त गरज असते ते पहिले दिवस त्यात बसतात.