माला-एन की फक्त प्रोजेस्टिनची गोळी?

प्रश्न : मी शहाद्याची, वय 31. बाळ 4 महिन्यांचं, अंगावर पितं. आशाताईंनी माला-एन दिली आहे. पण डोकं दुखायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे चमकतं. मैत्रीण म्हणते, दुसरी गोळी घे. फरक काय?

उत्तर : ताई, माला-एन सुरू करू नका. तिच्यात दोन हार्मोन आहेत, प्रोजेस्टिन आणि इस्ट्रोजेन. तुम्हाला नडतं ते इस्ट्रोजेन. पाकिटामागे इथिनिल एस्ट्रॅडिओल असं लिहिलं असेल तर गोळी त्याच जातीची.

बाळ अंगावर पीत असेल तर पहिले 6 महिने ही गोळी टाळतात, कारण दूध कमी होऊ शकतं. हे कारण दोन महिन्यांनी संपेल. डोळ्यांपुढच्या चमकण्याचं मात्र संपणार नाही. नागमोडी चमकती रेघ किंवा काळा ठिपका हळूहळू पसरत जातो, 5 ते 60 मिनिटं राहतो आणि मग अर्धं डोकं ठणकतं. कधी बोटांपासून गालापर्यंत मुंग्याही येतात. याला ऑरा असलेली अर्धशिशी म्हणतात. तिच्यात मेंदूत रक्ताची गाठ अडकून लकवा होण्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, आणि इस्ट्रोजेन रक्त गोठवणारे घटक वाढवतं. म्हणून वय कितीही कमी असलं तरी ही गोळी नको. उठताना क्षणभर अंधारी येते ती वेगळी. तुमचं नेमकं कोणतं, ते डॉक्टरांना असंच सविस्तर सांगा.

बीपी 140/90 किंवा वर, पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ, पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट, यातलं काही असलं तरी इस्ट्रोजेन टाळायचं. आपल्या नंदुरबार भागात सिकलसेल बराच आहे. तो आजार असलेल्या बाईनेही गोळी मागताना आधी तेच सांगावं.

मैत्रीण म्हणते ती गोळी बहुधा डेसोजेस्ट्रेल 75 मायक्रोग्रॅमची, म्हणजे फक्त प्रोजेस्टिनची; तिच्यात इस्ट्रोजेन नसतं. अंगावर पाजताना ती चालते. माला-एनमध्ये 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या गोळ्या असतात. हिच्यात 28 च्या 28 औषधाच्या, त्यामुळे एक पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवीन सुरू. रोज एकच वेळ धरा, रात्रीच्या भाकरीनंतर म्हणा. 12 तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर आठवताच गोळी घ्या आणि पुढचे 7 दिवस निरोध वापरा. सुरुवातीचे 7 दिवसही निरोध ठेवा. 3-4 तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं धरा.

बायका ही गोळी सोडतात ती मुख्यतः डागांमुळे. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात किंवा पाळी येतच नाही. तेवढ्यावरून बंद करू नका. टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर मात्र दोन्ही गोळ्या कमी पडतात. मग तांबीचं विचारा.