दह्याची तार आणि स्लाइडच्या तळाची ओळ

“मी घरगुती पदार्थांवर इन्स्टाग्रामवर कॅरोसेल टाकते. प्रत्येक स्लाइडखाली उत्सुकता वाढवणारी ओळ लिहिली की वाचकाला उगाच खेळवल्यासारखे वाटते आणि लिहिली नाही तर लोक दुसऱ्या स्लाइडवरूनच निघून जातात. मी काय करावे?”

हा प्रश्न घेऊन आलेल्या ताई कोल्हापूरकडच्या. त्यांनी सोबत आठ स्लाइडची एक पोस्ट आणली होती. पहिल्या स्लाइडवर ‘घट्ट दही लावण्याच्या ७ टिप्स’ असे शीर्षक होते, पुढे प्रत्येक स्लाइडवर एक टिप होती आणि तळाशी सगळीकडे एकच ओळ होती, ‘पुढे स्वाइप करा’. आधीच्या एका पोस्टमध्ये त्यांनी ‘पुढचे वाचून थक्क व्हाल’ असेही लिहून पाहिले होते आणि खेळवल्याची बोच त्यांना तिथेच लागली होती.

मी त्यांना सांगितले की ही बोच रास्त आहे, परंतु ती उत्सुकता निर्माण केल्यामुळे लागलेली नाही. ‘थक्क व्हाल’ या ओळीत प्रश्नच नाही, नुसते आश्वासन आहे. मानसशास्त्रज्ञ व अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडले होते की आपल्याला ठाऊक असलेले आणि जाणून घ्यावेसे वाटणारे यांतले अंतर जाणवले की कुतूहल जागे होते. म्हणजे वाचकाच्या हाती आधी काहीतरी द्यावे लागते. त्याशिवाय त्याला उणीव जाणवतच नाही. टिपांच्या यादीत अडचण वेगळी असते. तिथे प्रत्येक टिप स्वतःपुरती पूर्ण असते, त्यामुळे तिसरी वाचून थांबणाऱ्याचे काहीच अडत नाही.

म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे सर्वाधिक विचारली जाणारी तक्रार घेतली, ती म्हणजे दह्याला तार सुटणे. पहिल्या स्लाइडवर लिहिले, ‘दूध तेच, भांडे तेच, तरी आज दह्याला तार का सुटली?’ हा मोठा प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहणार होता. तळाशी छोटा प्रश्न ठेवला, ‘दोष दुधाचा नसेल, तर कशाचा?’ दुसऱ्या स्लाइडने त्याचे उत्तर लगेच दिले: विरजणाचा. विरजणातले काही जिवाणू चिकट पदार्थ तयार करतात आणि दही तारेसारखे लांबते. त्याखालची ओळ होती, ‘पण हेच विरजण कालपर्यंत चांगले होते.’ या वाक्याला प्रश्नचिन्ह नाही, तरीही वाचणाऱ्या गृहिणीच्या मनात ‘खरेच की’ असे येते. तिसऱ्या स्लाइडवर खुलासा होता की दूध फार निवल्यावर विरजण लावले, तर अशा जिवाणूंना वाव मिळू शकतो. तळाशी लिहिले, ‘मग दूध किती कोमट हवे? थर्मामीटर नको, करंगळी पुरे.’

हीच ओळ ताईंना सर्वांत आवडली आणि मलाही, कारण पुढच्या स्लाइडवर करंगळीची परीक्षा खरोखरच होती: बोट दुधात सुखाने ठेवता येते, पण ऊब स्पष्ट जाणवते, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस. तळाच्या ओळीने जे कबूल केले, ते पुढच्याच स्लाइडवर, फार तर त्यानंतरच्या स्लाइडवर मिळाले पाहिजे. छोटे प्रश्न एकामागून एक साठत गेले की वाचक कंटाळतो. म्हणून मोठा प्रश्न एकच आणि छोटा प्रश्न एका वेळी एकच, एवढे पथ्य मी पाळायला सांगते.

एका जागी आमचे चुकले. पाचव्या स्लाइडखाली ‘तरीही तार परत आली, तर?’ असे विचारून सहाव्या स्लाइडवर आम्ही दह्याचे पौष्टिक गुण मांडले होते. ते लक्षात आले ते एका साध्या चाचणीमुळे. ताईंच्या शेजारच्या काकूंना फोनवर एकेक स्लाइड दाखवून विचारले, ‘आता पुढे काय असेल?’ काकू म्हणाल्या, ‘भांडे नीट धुतले नसेल, तेच सांगणार.’ त्यांचा अंदाज बरोबर दिशेने होता, आमची स्लाइड मात्र भलतीकडे जात होती. पौष्टिक गुण काढले आणि त्या जागी भांडे उकळत्या पाण्याने विसळून, दुसऱ्या घरचे चांगले विरजण आणायला सांगितले. वाचकाला पुढचे काहीच सुचत नसेल तर ओळ धूसर आहे आणि उत्तरच सांगता येत असेल तर ती फार बोलकी झाली आहे. काकूंसारखा अर्धा अंदाज आला की ओळ जमली.

शीर्षकापेक्षा लहान अक्षरात, पाच ते नऊ शब्दांत आणि खालच्या उजव्या बाजूला ही ओळ ठेवली, कारण डाव्या कोपऱ्यात टॅग केलेल्या व्यक्तींचे चिन्ह येते.

सातव्या स्लाइडवर पहिल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तीन वाक्यांत दिले आणि आठवी स्लाइड काढून टाकली. ताईंना शेवटी पुढच्या पोस्टची चाहूल द्यायची होती. तारेचे उत्तर पुरते देऊन झाले होते, त्यामुळे मी होकार दिला. ‘ताक घुसळताना लोणी कधी वर येते, ते शनिवारी’ ही ओळ त्यांनी लिहिली, परंतु शनिवारची पोस्ट आधी तयार करून मगच ही पोस्ट प्रसिद्ध केली.