क्रमनिरपेक्ष ऑपरेटर: ‘एकदम’ मोजणं म्हणजे काय?

प्रश्न: क्वांटम भौतिकीवरच्या लेखात वाचलं की दोन ऑपरेटर ‘क्रमनिरपेक्ष’ असतील तरच त्या दोन राशी एकदम मोजता येतात. शाळेतला ३ × ५ = ५ × ३ वाला क्रमनिरपेक्ष तो हाच का? आणि ‘एकदम’ म्हणजे एकाच क्षणी का?

हाच, पण प्रवास उलटा झालाय. फ्रेंच गणिती सर्व्हवा याने १८१४ मध्ये ‘commutatif’ हे विशेषण वापरलं ते अंकांच्या गुणाकारासाठी नव्हे, तर एकामागून एक लावायच्या फलांसाठी. आधी f मग g, की आधी g मग f, फरक पडत नसेल तर ती दोन फलं ‘परस्परांशी’ अदलाबदलीची. म्हणजे शब्द जन्मला तोच क्रियांच्या जोडीसाठी, आणि क्वांटममधला ऑपरेटरही अशीच एक क्रिया: राशीसाठी नेमलेली, कणाच्या अवस्थेवर लावायची. शाळेच्या पुस्तकात तो नंतर उतरला. त्यातला लॅटिन धातू ‘mutare’, बदलणं, आणि आपल्या ‘विनिमय’मधला ‘मे’ धातू हे एकाच मुळाचे मानले जातात. म्हणून मला हिंदीतला ‘क्रमविनिमेय’ आपल्या ‘क्रमनिरपेक्ष’पेक्षा उजवा वाटतो. विनिमय म्हटला की समोर दुसरा लागतोच. ‘हा ऑपरेटर क्रमनिरपेक्ष आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणाशी, ते सांगा. ‘निरपेक्ष’ या शब्दानेच तो दुसरा झाकला जातो, आणि परिभाषा ठरवणाऱ्यांना हे खटकू नये याचं मला नवल वाटतं.

आता ‘एकदम’. एकाच क्षणी हा अर्थ चुकीचा आहे, तरी लेखामागून लेखात तोच येतो. घड्याळाचा इथे काहीच संबंध नाही. पहिली राशी मोजली, मग दुसरी मोजली, आणि पहिली पुन्हा मोजल्यावर आधीचंच उत्तर हमखास आलं, तर त्या दोन राशी एकत्र नांदतात.

चांदीचे अणू घ्या. १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख यांनी त्यांचा झोत चुंबकातून सोडला तेव्हा त्याचे दोन भाग झाले. आज आपण त्याला स्पिन ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणतो. त्यातला फक्त ‘वर’चा भाग पुढे नेऊन आडव्या दिशेच्या चुंबकातून काढा. निम्मे अणू डावीकडे, निम्मे उजवीकडे. उजवीकडचे घेऊन परत उभ्या चुंबकात घाला: आता निम्मे ‘खाली’ निघतात. आधीचं ‘वर’ पुसलं गेलं.

ऑपरेटर हे आधीच सांगतात. उभ्या स्पिनचा Z ‘वर’ला तसंच ठेवतो, ‘खाली’ला उणे चिन्ह लावतो. आडव्याचा X ‘वर’चं ‘खाली’ आणि ‘खाली’चं ‘वर’ करतो. ‘वर’वर आधी Z मग X लावला तर ‘खाली’ मिळतं. आधी X मग Z लावला तर उणे ‘खाली’. म्हणजे XZ = −ZX.

इथे पुष्कळ लेखक घसरतात. ते म्हणतात, ‘ऑपरेटर लावणं म्हणजे मोजणं, म्हणून क्रम बदलला की उत्तर बदलतं.’ साफ चूक. ‘वर’ला X लावला की ‘खाली’ मिळतं, पण आडवा स्पिन मोजला की ‘खाली’ मिळत नाही, ‘डावा’ किंवा ‘उजवा’ मिळतो. खरा दुवा वेगळा आहे. AB = BA असेल, आणि एखाद्या अवस्थेत A चं मूल्य ठाम ५ असेल, तर तिला B लावल्यावरही, काही उरलं तर, A चं मूल्य ५ च राहतं: A(Bv) = B(Av) = 5Bv. म्हणजे B त्या पाचाच्या कप्प्याबाहेर नेतच नाही. मग त्या कप्प्यातच B ची ठाम मूल्यं असलेल्या अवस्था निवडता येतात, आणि अशा अवस्थांत दोन्ही उत्तरं एकत्र राहतात.

मला सगळ्यात आवडणारी जोडी दोन कणांची. ‘दोघांचे उभे स्पिन सारखे की वेगळे’ याचा ऑपरेटर Z₁Z₂, आडव्यांसाठी X₁X₂. एकाच कणावरचे X आणि Z भांडतात, पण इथे क्रम बदलताना पहिल्या कणाकडून एक उणे येतं, दुसऱ्याकडून दुसरं, आणि दोन्ही मिळून अधिक होतात. म्हणून ‘उभे सारखे आणि आडवेही सारखे’ हे दोन्ही खात्रीने कळू शकतं, कुठल्याही एका कणाचा स्पिन काय आहे हे न कळता. अट एकच: फक्त ‘सारखे की वेगळे’ एवढंच विचारणारं मापन हवं. दोन्ही कणांचे उभे स्पिन सुटेसुटे मोजून गुणाकार केलात तर Z₁Z₂ चं उत्तर बरोबर मिळेल, पण X₁X₂ बद्दलची खात्री गेली. पुन्हा तपासलं तर निम्म्या वेळा आडवे ‘वेगळे’ येतील.