निलंबनाच्या काळातला कापलेला पगार निर्दोष सुटल्यावर मिळतो का?

प्रश्न : माझे मिस्टर राज्य सरकारच्या कार्यालयात लिपिक आहेत. आठ महिने झाले निलंबित आहेत, चौकशी चालू आहे. हातात जेमतेम निम्मा पगार येतो. ते निर्दोष सुटले तर राहिलेला पगार आपोआप मिळतो का?

उत्तर : ताई, मिळू शकतो, पण आपोआप नाही. मी आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली, निलंबितांची बिलं आणि प्रस्ताव माझ्या टेबलावरूनच जायचे. निर्दोष सुटलेला माणूस पैशासाठी आणखी दोन-दोन वर्षं फिरताना मी पाहिला आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या घरी आज जे येतं तो पगार नव्हे, निर्वाह भत्ता आहे. राज्य कर्मचाऱ्यांसाठी 1981 चे महाराष्ट्र नागरी सेवा नियम आहेत (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने असं त्यांचं लांबलचक नाव). त्यातला नियम 68 निर्वाह भत्त्याचा. अर्धवेतनी रजेवर गेल्यावर जेवढं रजा वेतन मिळालं असतं तेवढी रक्कम आणि त्या रकमेवरचा महागाई भत्ता मिळतो. घरभाडे भत्ता मात्र निलंबनाच्या दिवशीच्या पगारावर, म्हणजे पूर्ण.

आकडे घेऊ. मूळ वेतन 40,000, महागाई भत्ता हिशेबाच्या सोयीसाठी 50 टक्के आणि घरभाडे 4,000 धरा. पूर्ण पगार 64,000 होतो. निलंबनात मूळचे 20,000, त्यावर महागाई 10,000 आणि घरभाडे 4,000, म्हणजे 34,000. यातून आयकर आणि सरकारी कर्ज-अग्रिमाचे हप्ते कापतात. विमा आणि पतसंस्थेचे हप्ते मात्र कर्मचाऱ्याने लेखी संमती दिली तरच कापायचे असतात. संमती दिल्याचं तुम्हाला आठवत नसेल तर बिलाची प्रत मागून बघा.

आता तुमच्या आठ महिन्यांकडे येतो. पहिले तीन महिने संपले की निर्वाह भत्त्याचा आढावा घेता येतो. चौकशी लांबण्याला कर्मचारी जबाबदार नसेल तर भत्ता पहिल्या तीन महिन्यांच्या रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. वरच्या उदाहरणात 20,000 चे 30,000 होतात, महागाई 15,000, घरभाडे धरून 49,000. बोलताना लोक यालाच पाऊण पगार म्हणतात. उलट तारखा मागून, कागद न देऊन कर्मचाऱ्यानेच चौकशी लांबवली असेल तर तेवढाच कमीही करता येतो. तुम्हाला अजून निम्माच येतो आहे, म्हणजे बहुधा आढाव्याची फाईल कोणी हलवलेलीच नाही. मिस्टरांनी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे निलंबनाचा आदेश ज्यांनी काढला त्यांच्याकडे, आजच अर्ज द्यावा. दोषारोपपत्र कधी मिळालं, उत्तर कधी दिलं, चौकशीच्या किती तारखा झाल्या आणि त्यातल्या किती कार्यालयाकडून पुढे गेल्या, हे तारखांसह लिहावं. नुसतं ‘घर चालत नाही’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाईट वाटतं, पण भत्ता वाढवायला त्याला नियमातलं कारण लागतं.

‘मी अन्य कोणतीही नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करत नाही’ हा दाखला दर महिन्याला द्यावा लागतो. तो नसेल तर बिल निघत नाही. दाखला आवक शाखेत देऊन पोच घ्या. आणि दाखला देऊनही भत्ता अडवला तर गप्प बसू नका. भत्ता न मिळाल्याने कर्मचारी चौकशीला हजर राहू शकला नाही आणि त्याच्यामागे एकतर्फी चौकशी उरकली, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी यांच्या निकालात ती चौकशी टिकू दिली नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चौकशीतून मुक्त करणारा आदेश आणि निलंबनाचा काळ कसा धरायचा हे सांगणारा आदेश, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे दुसऱ्या आदेशाने मिळतात. आमच्या एका सहकाऱ्याला चौदा महिन्यांनी दोषमुक्त केलं. आदेश त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला, शाखेत पेढे वाटले. मी आदेश वाचला तर शेवटची ओळ होती, ‘निलंबन कालावधीबाबत स्वतंत्र आदेश निर्गमित करण्यात येतील.’ पेढा हातात तसाच राहिला माझ्या. ते स्वतंत्र आदेश यायला दोन वर्षं लागली, कारण तोवर साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांसमोर प्रस्ताव कोणी ठेवलाच नव्हता.

हा दुसरा आदेश नियम 72 खाली निघतो. निलंबन ‘पूर्णतः असमर्थनीय’ होतं असं सक्षम प्राधिकाऱ्याचं मत झालं, तर तो सगळा काळ सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ धरला जातो आणि पूर्ण वेतन व भत्ते मिळतात. त्यातून आधी दिलेला निर्वाह भत्ता वजा होतो. वरच्या उदाहरणात चौदा महिन्यांचा पूर्ण पगार 8,96,000. सगळा काळ 34,000 प्रमाणेच घेतले असतील तर 4,76,000 मिळाले, म्हणजे 4,20,000 येणं. तीन महिन्यांनंतर भत्ता वाढला असेल तर 6,41,000 मिळाले, येणं 2,55,000. शिवाय मधल्या काळातली थांबलेली वेतनवाढ त्या-त्या तारखेपासून लागते, त्यामुळे खरा आकडा थोडा जास्तच निघतो. सेवापुस्तकात ती नोंद झाली का हे स्वतः बघा, कारण पुढे निवृत्तिवेतनापर्यंत तिचा परिणाम जातो.

‘पूर्णतः असमर्थनीय’ हे शब्द आले नाहीत, उदाहरणार्थ काही दोष सिद्ध झाले आणि काही नाहीत, तर पूर्ण पगारापेक्षा कमी रक्कम ठरवता येते. पण ती निर्वाह भत्त्याहून कमी नसते. आणि किती देणार आहोत याची नोटीस आधी द्यावी लागते, उत्तराला मुदत द्यावी लागते. ही मुदत 60 दिवसांपर्यंत असू शकते. नोटीस न देताच कमी रक्कम ठरवलेले आदेश मी पाहिले आहेत. त्यांना आव्हान देण्याचा तो सगळ्यात भक्कम मुद्दा. असा काळ कर्तव्यकाळ धरला नाही, तरी कर्मचाऱ्याने मागितल्यास तो शिल्लक रजेत बदलून घेता येतो.

तुम्ही फक्त चौकशी लिहिलं आहे, पण सोबत फौजदारी खटलाही असेल तर एक लक्षात ठेवा. न्यायालयातून सुटका झाली म्हणून मागचा पगार हक्काने मिळतोच असं नाही. 1997 मध्ये कृष्णकांत रघुनाथ बिभवणेकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि तो वाद याच नियम 72 चा होता. पुरावा पुरेसा नाही म्हणून सुटणं आणि आरोपच खोटा ठरणं यात प्राधिकारी फरक करू शकतो. म्हणून निकालपत्राची पूर्ण प्रत जोडा, नुसतं शेवटचं पान नको.

दोषमुक्तीचा आदेश हातात आला की त्याच आठवड्यात ‘नियम 72 नुसार निलंबन कालावधी नियमित करणेबाबत’ असा विषय घालून अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. सहा महिन्यांत काहीच उत्तर आलं नाही, तर तिथून पुढच्या एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जाता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत. ही मुदत पोचेवरच्या तारखेवरून मोजली जाते, म्हणून आवक शिक्का नीट उमटला आहे का हे खिडकीवरच बघून घ्या.