भजनाच्या वेळेसाठी मंदिर समितीला पत्र

रामकृष्णहरी. दर आठवड्याच्या भजनासाठी विठ्ठल मंदिराचा सभामंडप मागणाऱ्या पत्राचा तुमचा मसुदा वाचला. भजनाचं महत्त्व सांगणारे दोन परिच्छेद काढून टाका. मंदिराच्या विश्वस्तांना ते सांगावं लागत नाही. त्यांना काळजी असते ती सभामंडप कधी अडकेल, कुलूप कोण लावेल आणि शेजारी तक्रार करतील का, याची.

पत्र लिहिण्याआधी पुजाऱ्यांकडून आठवड्याचा क्रम विचारून घ्या. समजा सायंआरती सातला संपते आणि शेजारती साडेनऊला असते. मग ‘दर बुधवारी पावणेआठ ते सव्वानऊ’ असंच मागा. ऑफिसातून येणाऱ्याला सातची वेळ गाठता येत नाही, आणि शेजारतीआधी पंधरा मिनिटं मोकळी राहिली तर सतरंज्या उचलून होतात. ‘संध्याकाळी सोयीनुसार’ असं लिहिलंत तर निर्णय पुढच्या बैठकीवर जातो.

नवे लोक हमखास विसरतात ती एकादशी. ती कोणत्याही वारी येते. म्हणून स्पष्ट लिहा: ‘एकादशी, सप्ताह किंवा मंदिराचा कार्यक्रम बुधवारी आल्यास आम्ही त्या दिवशीचं भजन रद्द करू.’ याच वाक्यानं जुन्या भजनी मंडळाची धास्ती जाते. त्यांच्या बुवांना आधी भेटा, पत्राची प्रत द्या. विरोध बहुधा तिथूनच येतो.

‘पेटी, पखवाज, टाळ आमचे, ध्वनिक्षेपक लावणार नाही’, हेही लिहा. किल्लीसाठी दोघांची नावं आणि फोन द्या. कायमची परवानगी मागू नका. तीन महिने मागा, त्यानंतर समितीनं फेरविचार करावा असं सुचवा. पत्र दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या.